घडी तिनाची, घडी चाराची

आजीने पैठणी दिली ती एका अटीवर. नेसून झाली की धुवायला टाकायची नाही, घडी करायची नाही, कपाटात ठेवायची नाही. जशी असेल तशी तिच्याकडे आणायची आणि पुढचं सगळं तिच्यादेखत, माझ्या हाताने करायचं. आजीने आयुष्यभर लोकांचे ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले, रफू केलं. कापडाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

साडी आईच्या लग्नातली, वांगी रंगाची, पदरावर मोर. लग्न मैत्रिणीचं आणि वैशाखातलं, म्हणजे घाम ठरलेला. नेसवायलाही आजीच बसली होती. तिने आधी परकर बघितला. मी साडीला मॅचिंग म्हणून नवा घेतला होता, तो तिने बाजूला टाकला. "नवा परकर घामात रंग सोडतो, आणि तो रंग कमरेपाशी साडीत उतरला की मग बसा," म्हणाली आणि स्वतःचा जुना, धुऊन धुऊन पांढरट झालेला सुती परकर काढून दिला. अत्तर आधी लावून वाळू द्यायचं, साडी नंतर. खांद्यावर पिन लावताना पदराच्या खाली जुन्या धोतराचा चौकोनी तुकडा चौपदरी करून धरला आणि पिन त्या तुकड्यातून ब्लाउजला टोचली. पदराचा भार पडला की तो आता धोतराच्या तुकड्यावर पडतो, रेशमाच्या दोन धाग्यांवर नाही. जुन्या साड्यांच्या खांद्यापाशी जी बारीक भोकं दिसतात ना, ती कसरीची कमी आणि पिनांचीच जास्त असतात.

जेवणाच्या पंगतीत व्हायचं ते झालं. वाढणाऱ्याच्या हातातून तुपाचा थेंब निऱ्यांवर पडला. शेजारच्या दोन काकू लगेच रुमाल ओला करून तयार, तिसरीने सोडा वॉटर सुचवलं. मी हात जोडले. आजीने निघतानाच बजावलं होतं, की पाणी लावायचं नाही, घासायचं नाही, कोरडा रुमाल नुसता टेकवून वरचं तूप टिपायचं आणि डाग विसरून जेवायचं. रेशमावर पाण्याचा थेंब वाळला तरी त्याची कड उमटते. तूप राहतं तिथेच आणि भोवती पाण्याचं कडं तयार होतं, म्हणजे एका डागाचे दोन. घासलं तर त्याहून वाईट. रेशमाची चमक धाग्याच्या गुळगुळीत पाठीमुळे असते, आणि ओलं असताना रेशीम नेहमीपेक्षा कमकुवत असतं. घासताना तेवढ्या जागचे धागे पिंजतात आणि तिथे पांढुरकी, भुरी झाक येते. डाग कधी ना कधी निघतो, ही झाक निघत नाही.

रात्री आजीकडे पोचले तेव्हा ती जागी होती. आधी बांगड्या, अंगठी, कानातले. मग पिना, आणि त्या सगळ्या मोजून डबीत. एखादी साडीतच राहिली तर तिच्या गंजाचा डाग पडतो. साडी सोडून मी सवयीने खुर्चीच्या पाठीवर टाकणार, तेवढ्यात तिने ती हातातून घेतली. दिवाणावर धुतलेली सुती चादर अंथरली होती, तिच्यावर साडी सैल, लांबट पसरली. पदर आणि काठ कुठे दुमडले जाणार नाहीत एवढंच बघितलं. पंखा हळू, खिडकी बंद.

"हात लावून बघ, ओली लागते का?"

नव्हती लागत. अगदी कोरडी वाटत होती.

"ओली आहे," ती म्हणाली. "रेशीम सांगत नाही."

हे मी नंतर वाचूनही पाहिलं आणि आजीचं म्हणणं खरं निघालं. रेशीम स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी पोटात घेऊनही हाताला ओलं लागत नाही. दिवसभराचा घाम त्यात असतो आणि घामातलं मीठही. अशी साडी हाताला कोरडी लागली म्हणून रात्रीच घडी करून कपाटात गेली, तर तो ओलावा घडीत कोंडून राहतो. बुरशीचे करडे ठिपके येतात ते यातूनच, आणि जर काळी पडायलाही तेवढी दमट हवा पुरते. म्हणून एक रात्र तरी पसरूनच ठेवायची. हँगरवर नाही, कारण पदर जड असतो. जरीचं सगळं वजन खाली ओढलं जातं आणि हँगरच्या दांडीवर साडीला पक्की मोड पडते.

झोपण्याआधी तुपाच्या डागावर शंखजिरं घातलं. आजीकडे बिनवासाचं, पांढरं, अगदी वस्त्रगाळ असतं. डागाखाली टिपकागद ठेवला, वरून बोटाच्या पेराएवढा थर दिला आणि तसंच रात्रभर सोडलं. वासाची टाल्कम पावडर तिला चालत नाही, तिच्यातला सुगंध रेशमात राहतो म्हणून. सकाळी मऊ ब्रशने, विणीच्या दिशेने, भुकटी झटकली. डागाचा बराचसा भाग गेला होता, पण तिरप्या उजेडात एक अंधुक गोल दिसत होता. पुन्हा नवी भुकटी, पुन्हा तासभर. दुसऱ्या वेळी तो उजेडातही शोधावा लागला. आजी तिथे थांबली. शंखजिरं तेल-तूप शोषतं, पण त्यात रंग मिसळलेला असेल तर रंग तसाच राहतो. तूप साधं होतं म्हणून निभावलं. रश्शाचा थेंब असता तर हळदीचा पिवळा राहिला असता, आणि हळदीला साबण लावला की ती लाल होते. तिथे घरचे उपाय संपतात.

मग तपासणी. साडी खिडकीपाशी नेली, पण ऊन अंगावर येणार नाही अशी. उन्हाने रेशमाचा रंग उडतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याने धागाच कच्चा होतो हे कमी लोकांना माहीत असतं. आजी साडीला हवा दाखवते ती नेहमी सावलीत. आम्ही कमरेपासून सुरुवात केली, म्हणजे साडी परकरात खोचली जाते त्या जागेपासून. घाम सगळ्यात जास्त तिथेच मुरतो आणि नेसताना तो भाग दिसत नाही म्हणून कोणी बघतही नाही. एका ठिकाणी हातभर लांबीची फिकट, वेडीवाकडी रेघ होती. घाम जिथपर्यंत पसरला आणि वाळला त्याची ती सीमा. आजीने नाक लावून वास घेतला आणि बोटाने चाचपलं. कापड तिथे किंचित कडक लागत होतं.

"ही मात्र ड्रायक्लीनला द्यायची," ती म्हणाली.

मला वाटलं होतं आजी ड्रायक्लीनच्या विरोधात असेल. तसं काही नाही. दर वेळी नेसली की टाक धुवायला, याच्या ती विरोधात आहे. तासाभरासाठी नेसलेल्या, घाम न आलेल्या साडीला नुसती हवा पुरते. पण घामाची रेघ तशीच ठेवली तर काही महिन्यांत ती पिवळी होते, काही वर्षांत तिथलं रेशीम विरतं, आणि कसर आली तर नेमकी त्याच जागी येते. किडीला निव्वळ रेशमापेक्षा घामाचं, अन्नाचं रेशीम आवडतं. घरी रिठ्याच्या पाण्यात धुवायचा पर्याय आजीने या साडीपुरता सरळ नाकारला. कारण तिने दाखवलं. फॉलच्या आत, दिसणार नाही अशा जागी, लाल काठावर तिने ओलसर पांढरा कापूस हलकेच दाबून धरला आणि उचलला तेव्हा कापूस गुलाबी झाला होता. काठाचा लाल रंग पाण्यात सुटणारा होता. अशी साडी बादलीत घातली असती तर वांगी अंगावर लाल ओघळ उतरले असते. ज्यांना घरी धुवायचीच असते त्यांनी निदान हा कापूस लावून बघावा, आणि प्रत्येक रंगावर वेगळा.

दुकानात द्यायला मी गेले, पण काय बोलायचं ते आजीने पाठ करून घेतलं होतं. कमरेचा डाग घामाचा आहे, निऱ्यांवर तुपाचा होता, त्यावर शंखजिरं लावलंय, पाणी लागलेलं नाही, जर टेस्टेड आहे, म्हणजे खऱ्या चांदीची नाही. डाग कशाचा हे माहीत नसेल तर माणूस अंदाजाने औषध लावतो. इस्त्री करू नका, तशीच द्या, हेही सांगितलं. याला कारण होतं. मावशीची एक पैठणी एका दुकानातून परत आली तेव्हा पदरावरची जर चपटी आणि निर्जीव झाली होती, कोणीतरी गरम इस्त्री सरळ जरीवर फिरवली होती. त्यावर काही उपाय नसतो. घरी इस्त्री करायची झाली तर आजी उलट्या बाजूने, मंद आचेवर, मध्ये सुती कापड घालून करते आणि पदर बहुतेक वेळा सोडूनच देते. वाफेची इस्त्री तर नाहीच.

साडी परत आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी आजीने दारातच काढली आणि साडी पुन्हा चादरीवर पसरली. धुलाईच्या द्रावणाचा वास पूर्ण जाईपर्यंत घडी नाही. वास येतो म्हणजे द्रावण अजून कापडात आहे. पूर्ण एक दिवस गेला त्यात, आणि त्या दिवशी आजीने ट्रंकेतून दुसरी साडी काढली.

ती तिच्या सासूची, म्हणजे माझ्या पणजीची. नऊवारी, खऱ्या जरीची, डाळिंबी. पणजी गेल्यावर ती बरीच वर्षं दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर लावून पडून होती. आजीच्या हातात आली तेव्हा उशीर झाला होता. तिने ती नेसण्यासाठी ठेवलेली नाही, दाखवायला ठेवलीय. तिने दोन घड्या उलगडल्या आणि मला म्हणाली, उजेडासमोर धर.

घडीच्या रेषेवर, काठातून आत येताना, सुईच्या टोकाएवढे ठिपके उजळले. एकापुढे एक, ओळीने. काही ठिकाणी दोन-तीन ठिपके मिळून बारीक चीर झाली होती. रेशीम हाताला अजून मऊ होतं, रंगही छान होता. आणि त्या रेषेच्या दोन बोटं अलीकडे-पलीकडे कापड धडधाकट होतं. म्हणजे साडी जुनी झाली म्हणून विरली नव्हती. ती फक्त घडीवर विरली होती.

आजीने भिंग दिलं. घडीवरची जर जवळून बघितली तर काय झालंय ते कळतं. जर म्हणजे अख्खा धातूचा धागा नसतो. आत रेशमाचा धागा आणि त्याच्याभोवती चांदीची चपटी, केसाहून पातळ पट्टी गुंडाळलेली, तिच्यावर सोन्याचा मुलामा. रेशीम वाकतं आणि परत सरळ होतं. धातूची पट्टी एकाच जागी मोडत राहिली की तिला तडा जातो. मग तिच्या धारदार कडा आतल्या आणि शेजारच्या रेशमाला कापत राहतात. कपाटात, कोणी हातही न लावता. वर इतर साड्यांचा भार असेल तर आणखी लवकर. म्हणून चीर आधी पडते ती काठावर आणि पदरावर, जिथे जर दाट असते तिथे.

रबर होतं त्या जागी जरीवर आडवा काळा पट्टा होता. रबरात गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळी पडते. लोकरीच्या कपड्यांजवळ ठेवली तरी हेच होतं. मी विचारलं, हा पट्टा निघत नाही का? लोक चिंच लावतात, टूथपेस्ट लावतात, चांदीच्या भांड्यांची पावडर लावतात, आणि उजळतेही जर. पण मुलामा इतका पातळ असतो की घासलं की काळ्याबरोबर सोनंही जातं, खाली उरते पांढरी चांदी, जी पुन्हा काळी पडायला मोकळी. आजी काळ्या जरीला हात लावत नाही. काळी पडली म्हणून ती तुटत नाही, एवढंच तिचं म्हणणं. आईच्या साडीची टेस्टेड जर वेगळी वागते. तिच्यात तांबं असतं, त्यामुळे घाम मुरला की ती लालसर-काळी होते, कधी हिरवट. कमरेच्या घामाची मी उगीच काळजी करत होते असं नाही.

साडीचा वास गेल्यावर घडी. यात माझी अर्धी दुपार गेली आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं तेही यानेच.

हात धुऊन कोरडे केले, हाताला क्रीम नको, अंगठी नको. दोघी दोन टोकांना. पदर आजीकडे. आजीच्या हिशेबात साडीला दोन तऱ्हेच्या घड्या असतात. एक उभी, म्हणजे पन्ह्यातली, काठाला समांतर जाणारी. ती पडते अंगावर, साध्या रेशमावर. दुसरी आडवी, म्हणजे लांबीतली. ती दोन्ही काठांना छेदून जाते. त्यामुळे दोन्ही बदलायच्या, पण आडवीवर डोळा जास्त ठेवायचा.

उभ्या घडीचं गणित सोपं आहे. या साडीचा पन्हा ४६ इंच. दुकानातून साडी येते ती चाराच्या घडीत, पन्हा अर्धा आणि पुन्हा अर्धा. म्हणजे मोड २३ इंचावर आणि मग साडेअकरा आणि साडेचौतीसवर. मागच्या वेळी आजीने हीच घडी केली होती. आता तिनाची करायची, पन्ह्याचे तीन भाग. मोड साधारण १५ आणि ३१ इंचावर येते, जुन्या एकाही रेषेवर नाही. पुढच्या वेळी पुन्हा चाराची, पण उलट बाजू आत घेऊन, म्हणजे जुन्याच रेषेवर आली तरी ती दुसऱ्या दिशेने मोडते. मी टेप घेऊन आले तर आजी हसली. तिने काठ उचलून अंदाजाने तिनावर आणला, आणि मी मोजलं तर अर्ध्या इंचाचा फरक.

आडव्या घडीला गणित नाही, वीत आहे. मागची पहिली मोड कुठे होती ते साडीवर पुसट दिसतंच. तिच्यापासून एक वीत सरकवून नवी मोड धरायची आणि तिथून पुढे सगळ्या घड्या आपोआप सरकतात. पदराला आल्यावर मात्र थांबायचं. मोराच्या मधोमध मोड नको. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या कांडीने, तेवढ्याच जागेत विणून शेजारच्या रंगात अडकवलेला असतो, म्हणून पदर दोन्हीकडून सारखा दिसतो आणि मागे धागे लोंबत नाहीत. पण रंग बदलतो तिथे सांधा असतो, आणि सांध्यावर घडी पडली तर तो आधी सैल होतो. आजीने मोरांच्या दोन ओळींमधली मोकळी जागा शोधून तिथे मोड घेतली.

आणि प्रत्येक मोडीच्या पोटात मलमलीची सुरळी. जुनं धोतर फाडून, अंगठ्याएवढ्या जाडीच्या सुरळ्या करून ठेवलेल्या होत्या. घडी त्यांच्याभोवती गोल वळते, सुरीच्या पात्यासारखी टोकदार मोड पडत नाही. पदराच्या जरीवर आणखी एक पातळ मलमल, म्हणजे जर समोरच्या रेशमावर घासणार नाही. धोतर का, तर शंभरदा धुतलेलं असतं. नव्या कापडात खळ असते, आणि खळ म्हणजे कसरीचं जेवण. साडीलाही म्हणूनच खळ किंवा स्टार्च करून ठेवायचं नाही. घडी दाबायची नाही, वर हात फिरवून सपाट करायची नाही. माझ्या हाताला ती सवय इतकी आहे की आजीने दोनदा माझं मनगट धरलं.

"फुगलेली राहू दे गं. ती काय पाकिटात घालायचीय?"

शेवटी सगळं मलमलीच्या बासनात, गाठ सैल. प्लॅस्टिक नाही, चेनवालं साडी कव्हर नाही, वर्तमानपत्र नाही. कोपऱ्यात वेखंड आणि लवंगांची पुरचुंडी, साडीला न टेकता. डांबरगोळ्या आजी वापरत नाही. त्या साडीला टेकल्या तर डाग पडतात आणि वास वर्षानुवर्षं जात नाही. पण वेखंडावरही तिचा फार विश्वास नाही. वास उडाला की त्याचा उपयोग संपतो, म्हणून पुरचुंडी दर वेळी बदलते आणि खरी भिस्त साडी स्वच्छ असण्यावर ठेवते. बासनाला सुती नाडीचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने "वैशाख, तिनाची, उलटी बाहेर". पुढच्या वेळी उघडणाऱ्याला आठवणीवर अवलंबून राहायला नको.

साडी वर्षातून दोनदा उघडायची, नेसली नाही तरी. एकदा पावसाळ्यापूर्वी, एकदा पाऊस पुरता सरल्यावर, दिवाळीच्या आसपास, हवा कोरडी असते तेव्हा. पावसात बासन उघडायचंच नाही, बाहेरची ओल आपणच आत घेतो. उघडल्यावर सावलीत दोन-तीन तास हवा, मग उजेडासमोर धरून काठाशी ठिपके उजळतात का ते बघायचं, आणि नवी घडी. ठिपके दिसले तर ती जागा पुन्हा कधी मोडीत येऊ द्यायची नाही आणि मागून त्याच रंगाचं मऊ, पातळ रेशीम बारीक टाक्यांनी धरून घ्यायचं. टाके चिरीच्या कडेला नाही, धडधाकट कापडात दोन बोटं लांब. कडेला घातले तर टाक्याच्याच ओढीने नवी चीर पडते.

फॉल आजीने या वेळी बदलायला लावला. जुना फॉल आटून साडीची खालची कड चुण्याचुण्यांची झाली होती. बाजारातून आणलेला सुती फॉल तिने तासभर पाण्यात भिजवायला लावला, वाळवून इस्त्री करून मगच शिवायला घेतला. आटायचं ते आधीच आटतं आणि रंग सोडत असेल तर तोही आधी कळतो. टाके माझे. दोनदा उसवले तिने, ताणून घातले होते म्हणून.

पैठणी आता माझ्याकडे आहे. देताना आजीने कपाट कुठल्या भिंतीला आहे ते विचारलं. माझं न्हाणीघराच्या भिंतीला होतं, ते सरकवावं लागलं. मधल्या कप्प्यात, सगळ्यात वर, अंगावर दुसरी साडी नाही. अडचण एकच होती. घडीला दोन माणसं लागतात आणि मी एकटी राहते. दिवाळीनंतर फोन लावून विचारलं तर तिने तोड सांगितली. पलंगावर चादर अंथर, साडी लांबीत सबंध मावणार नाही, तेव्हा पदराकडून सुरुवात कर आणि बाकीची पायथ्याशी दुसऱ्या चादरीवर सैल राहू दे. उभी घडी हातभर हातभर करत ये, प्रत्येक हातभरावर स्वच्छ टॉवेलची घडी वजनाला ठेव, मग आडव्या मोडी. त्या दिवशी चाराची केली. दोघींनी केली तर अर्धा तास लागतो, मला दीड लागला, आणि पन्ह्याच्या मधली मोड एका टोकाला इंचभर सरकली. आजीला फोटो पाठवला. तिने सरकलेल्या इंचाबद्दल काही म्हटलं नाही. पदराकडच्या मोडीत सुरळी दिसत नाही, ती घाल, एवढंच म्हणाली.